80 लाखांचा मराठी चित्रपट: वाटणी शेवटाकडून सुरू करा

प्रश्न: मी आणि माझे दोन भागीदार मिळून 80 लाख रुपये उभे करू शकतो. पटकथा तयार आहे, साताऱ्याकडच्या गावात घडणारी कौटुंबिक गोष्ट आहे, दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट. कुणी म्हणतं 70 टक्के पैसे शूटिंगला ठेवा, कुणी म्हणतं अर्धे प्रमोशनलाच जातात. लेखन-तयारी, शूटिंग, पोस्ट-प्रॉडक्शन आणि प्रमोशन यांत हे पैसे नक्की कसे वाटायचे?

उत्तर: टक्क्यांवरून सुरुवात करू नका. टक्के हे हिशेब झाल्यावर दिसतात, त्यावरून हिशेब बांधता येत नाही. लहान चित्रपटात खरा प्रश्न असतो तो शूटिंगच्या दिवसांचा. एक दिवस कितीला पडतो आणि असे किती दिवस लागतात, हे एकदा कागदावर आलं की बाकीच्या तीन खात्यांचं भवितव्य ठरतं. कारण शूटिंगमध्ये पैसे कमी पडले तर ते नेहमी पुढच्या खात्यातून उचलले जातात. आधी प्रमोशनमधून, मग पोस्टमधून. त्या खात्यांचा खर्च अजून समोर आलेला नसतो, आणि इकडे 45 माणसं सेटवर उभी असतात.

म्हणून मी वाटणी उलटीकडून करतो. आधी प्रदर्शनाचे पैसे बाजूला, मग पोस्टचे, मग अडीअडचणीचे, आणि उरलेल्यात शूटिंग बसवायचं. बसत नसेल तर पटकथा बदलायची, वाटणी नाही. तुमच्या 80 लाखांवर मी साधारण असं मांडेन: प्रदर्शन आणि प्रसिद्धी 16 लाख, पोस्ट 14 लाख, राखीव 6 लाख, लेखन आणि पूर्वतयारी 6 लाख. शूटिंगला राहतात 38 लाख. या सगळ्या रकमा जीएसटीसह आहेत. स्टुडिओवाला तोंडी "2 लाख" सांगतो तेव्हा बिल 2 लाख 36 हजारांचं येतं, आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला कधी वापरता येईल ते पुढचं पुढे. आज खिशातून जाणारे पैसे पूर्णच जातात.

आता ते 38 लाख उघडून बघू. त्यातले 11 लाख ठरावीक मानधनांचे धरा: मुख्य कलाकार, दिग्दर्शक, छायाचित्रकार, कला आणि वेशभूषा प्रमुख. ही रक्कम दिवस वाढले म्हणून फारशी वाढत नाही, निदान करारात तसं लिहून घ्या. उरलेले 27 लाख हा रोजचा खर्च. गावात मुक्काम करून 45 जणांचं युनिट चालवायचं तर माझ्या अंदाजपत्रकात दिवस साधारण 1 लाख 35 हजारांना पडतो. कॅमेरा आणि लेन्स 22 हजार, लाइट, ग्रिप आणि जनरेटर डिझेलसह 25 हजार, लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअप आणि सहायकांची रोजंदारी 20 हजार, साउंड 6 हजार, लोकेशन आणि कलाविभागाचा किरकोळ खर्च 8 हजार. जेवण-नाश्ता 20 हजार, मुक्काम 18 हजार, गाड्या 16 हजार.

शेवटचे तीन आकडे जोडून बघा. 54 हजार, म्हणजे दिवसाच्या खर्चाचे 40 टक्के. नवा निर्माता कॅमेऱ्याच्या भाड्यावर तासभर घासाघीस करतो आणि दोन-तीन हजार वाचवतो. पण युनिट 45 वरून 36 वर आणलं तर फक्त जेवण, खोल्या आणि गाड्यांतच रोजचे दहा-अकरा हजार वाचतात, रोजंदारी वेगळीच. तेव्हा छायाचित्रकाराशी बोलताना "स्वस्त कॅमेरा चालेल का?" असं विचारण्यापेक्षा "किती लाइट लागतील आणि त्यांना किती माणसं लागतील?" असं विचारा. घराच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडावर दिवसाचे प्रसंग काढायला तयार असलेला छायाचित्रकार तुम्हाला कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचवून देतो.

27 लाख भागिले 1 लाख 35 हजार म्हणजे 20 दिवस. तुमच्याकडे 20 शिफ्ट आहेत, इतकंच. पटकथा त्यात बसते का?

हे कळतं ब्रेकडाउन केल्यावर. प्रत्येक प्रसंगासमोर लोकेशन, दिवस की रात्र, कोण कलाकार, किती गर्दी, जनावर किंवा वाहन आहे का, आणि प्रसंग किती पानांचा, हे लिहायचं. दोन भक्कम अभिनेत्यांचा एका खोलीतला पाच पानी संवाद अर्ध्या दिवसात होतो. "वरात निघते" ही एक ओळ अख्खी रात्र खाते. पानं मोजून दिवस ठरवणारा शेड्यूलर म्हणूनच फसतो. पानं आणि हलवाहलव दोन्ही मोजावी लागतात. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एकदा लोकेशन बदललं की सामान भरणं, प्रवास, पुन्हा मांडणी यात दोन-अडीच तास जातात.

समजा तुमची पटकथा 96 पानांची आहे, तिच्यात अकरा लोकेशन, चौदा रात्रीचे प्रसंग आणि एक जत्रा आहे. प्रामाणिकपणे मांडलं तर हे 26 दिवसांचं काम होतं. सहा दिवस जास्त, म्हणजे 8 लाख 10 हजार जास्त. इथे बहुतेक निर्माते म्हणतात, "बघू, करू मॅनेज." मॅनेज म्हणजे काय ते मी वर सांगितलंच.

त्याऐवजी लेखकाला आणि दिग्दर्शकाला घेऊन बसा. बँकेतला प्रसंग, तलाठी कार्यालयातला प्रसंग आणि दवाखान्यातला प्रसंग यांपैकी किती गोष्टी मुख्य घराच्या ओसरीवर घडू शकतात? कर्ज नाकारल्याची बातमी घेऊन माणूस घरी परततो, हे बँक न दाखवताही कळतं, आणि बऱ्याचदा जास्त चांगलं कळतं. जत्रा दोनशे ज्युनिअर आर्टिस्ट आणून उभी करण्याऐवजी घराच्या मागच्या बोळातून दाखवा: लांबचा ढोल, भिंतीवर हलणारे रंगीत दिवे, तोंडाला गुलाल लागलेली चार पोरं. रात्रीचे प्रसंग चौदावरून सहावर आणा, त्यातले काही संध्याकाळचे करा. पण संध्याकाळचा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो, त्यामुळे दिवसाला असा एकच लहान प्रसंग. लोकेशन सहा राहिली, तीही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तर हे काम 20 दिवसांत येतं. यासाठी लेखकाला दोन खर्ड्यांचे 50-60 हजार जास्त मोजावे लागले तरी ते आठ लाख वाचवतात. पूर्वतयारीच्या 6 लाखांत मी हात आखडता घेत नाही तो यामुळे.

त्या 6 लाखांत आणखी काय? लेखकाचं मानधन, छायाचित्रकार आणि साउंड रेकॉर्डिस्ट यांच्यासह किमान दोन रेकी, म्हणजे लोकेशन आधी जाऊन बघणं, कलाकारांच्या तालमी, आणि वकील. वकिलाची फी वाया गेल्यासारखी वाटते, पण कॉपीराइट कायद्याचं कलम 19 एकदा वाचा. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. "कथा, पटकथा, संवाद निर्मात्याला दिले" अशी साध्या कागदावरची चार ओळींची चिठ्ठी घेऊन तुम्ही ओटीटीवाल्यांकडे गेलात तर त्यांचा वकील पहिली हरकत तिथेच घेईल. संगीतकार आणि गीतकार यांचंही तसंच.

गावातली गोष्ट आहे म्हणजे बैल, गाय, कोंबड्या कुठे ना कुठे येणारच. प्राण्यांचा वापर असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे अर्ज शूटिंगच्या आधी जायला हवा. सेन्सॉरकडे गेल्यावर प्रमाणपत्र मागतात, आणि तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. मग शॉट कापा नाहीतर पोस्टमध्ये पैसे घालून बैल पुसा. तसंच सिगारेट-तंबाखूचं. एका पात्राच्या हातात बिडी दिलीत की चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिरात आणि त्या दृश्यावर इशारा आलाच. ज्या गंभीर प्रसंगावर तुमचा चित्रपट उभा आहे तिथे ती ओळ चालणार आहे का, हे आत्ताच ठरवा.

शूटिंग सुरू झाल्यावर निर्मात्याने रोज बघायची गोष्ट एकच: ठरलेली पानं आणि झालेली पानं. पाचव्या दिवसाच्या रात्री हिशेब करा. पाच दिवसांत 22 पानं ठरली होती आणि 17 झाली असतील तर "पुढे वेग येईल" यावर विश्वास ठेवू नका. वेग थोडा येतो, पण थकवाही येतो. त्याच रात्री दिग्दर्शकाबरोबर बसून पुढचे दोन-तीन प्रसंग गाळा किंवा एकमेकांत जोडा. पाचव्या दिवशी गाळलेला प्रसंग कमी दुखतो, कारण काय गाळायचं याची निवड तुमच्या हातात असते. अठराव्या दिवशी ती राहत नाही, जे राहिलं तेच कापलं जातं, आणि राहतो तो बहुतेक वेळा शेवट. (दिग्दर्शकांना शेवट शेवटी शूट करायला का आवडतं कोण जाणे. मी तो आठव्या-नवव्या दिवशी लावतो.)

राखीव 6 लाख पाऊस, आजारपण, मोडलेली गाडी यांसाठी आहेत. ड्रोनसाठी नाहीत. प्रदर्शनाचे 16 लाख मात्र वेगळ्या बँक खात्यात टाका आणि त्यावर तिघांपैकी दोघांची सही लागेल असं करा. सेटवरून रात्री अकराला फोन आला की एकटा माणूस "हो" म्हणून जातो.

पोस्टकडे येऊ. 14 लाखांत संकलन अडीच, साउंड पाच, गाणी आणि पार्श्वसंगीत तीन, रंगसंस्कार म्हणजे डीआय आणि थिएटरसाठीची डीसीपी मिळून अडीच, आणि उरलेला एक लाख सबटायटल, सेन्सॉर, किरकोळ व्हीएफएक्स यांना. साउंडचा आकडा सगळ्यात मोठा बघून लोक चकित होतात. पण लहान चित्रपट सगळ्यात आधी उघडा पडतो तो आवाजात. थोडी अंधारी फ्रेम प्रेक्षक "शैली" म्हणून माफ करतो, न कळलेला संवाद नाही करत.

आणि हे पाच लाख पुरतील की आठ लागतील हे स्टुडिओत ठरत नाही, लोकेशनवर ठरतं. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घेणार असाल तर रेकीला रेकॉर्डिस्टला न्या आणि जिथे शूट करायचं त्याच वेळेला उभं करा. सकाळी शांत असणाऱ्या वाड्यामागे दुपारी विहिरीची मोटर चालू होते, पत्र्याच्या छपरावर हलकी सर आली तरी टेक जातो, शाळा सुटली की गोंधळ असतो. जनरेटर किती लांब ठेवता येईल आणि तितकी केबल आहे का हे तेव्हाच बघा. रोज पॅकअपनंतर दहा मिनिटं दिवसाचे मुख्य संवाद हेडफोनवर ऐका, संगणकाच्या स्पीकरवर नाही. एखादा संवाद गेला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच कलाकाराला त्याच खोलीत उभं करून नुसता आवाज रेकॉर्ड करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. तेच चार महिन्यांनी करायचं तर स्टुडिओचं तासाचं भाडं, कलाकाराची तारीख, मुंबईचा प्रवास, आणि तोवर त्याने त्या बोलीचा लहेजा विसरलेला असतो. प्रत्येक लोकेशनवर अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या जागेचा आवाजही घ्या. त्याच्याशिवाय संकलनातला प्रत्येक कट कानाला टोचतो.

असंच डेटाचं. "हार्ड डिस्क घेऊन टाकू दोन" असं अंदाजपत्रकात लिहिलेलं मी पाहतो. चार-के प्रोरेस 422 एचक्यूमध्ये एक तासाचं फुटेज सुमारे 320 जीबी होतं. रोज अडीच तास धरले तर 20 दिवसांत 50 तास, म्हणजे 16 टीबी. त्याच्या तीन प्रती हव्यात, आणि त्यातली एक युनिटबरोबर न राहता पुण्या-मुंबईला गेली पाहिजे. एकाच गाडीत, एकाच बॅगेत तिन्ही प्रती ठेवल्या तर ती एकच प्रत समजा. ही खरेदी शूटिंगच्या आधीच करायची असते, म्हणून तिची तरतूद शूटिंगच्या खात्यात, आणि ती नसेल तर राखीव रकमेला पहिला चिमटा इथेच बसतो.

मिक्सिंगच्या वेळी संवाद वगळून फक्त संगीत आणि परिणामांचा वेगळा ट्रॅक काढून घ्यायला विसरू नका. सगळं टाइमलाइनवर उघडं असताना ते थोडक्यात होतं. वर्षभराने कुणी हिंदी किंवा तेलुगू डबिंगसाठी हक्क मागितले आणि तो ट्रॅक नसेल, तर फोलीपासून, म्हणजे पावलं-भांड्यांसारखे आवाज स्टुडिओत नव्याने करण्यापासून, सगळं पुन्हा बांधावं लागतं.

आता प्रमोशनचे 16 लाख. इथे आधी तिकिटाचा हिशेब बघा, कारण भागीदारांना तो दाखवावाच लागेल. सरासरी तिकीट 150 रुपये धरा. 100 रुपयांच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी, तो गेला की उरतात 127. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सकडून साधारण निम्मा वाटा धरला तर 63 रुपये, पुढच्या आठवड्यांत वाटा घटत जातो. त्यातून वितरकाचं कमिशन गेलं की तुमच्या हातात 55 रुपये. म्हणजे प्रदर्शनावर घातलेले 16 लाख परत यायलाच 29 हजार तिकिटं खपायला हवीत. पूर्ण 80 लाख थिएटरमधून यायचे तर जवळपास 1 लाख 45 हजार.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, राज्यभर दीडशे शोंवर झळकण्याचा हट्ट सोडा. प्रत्येक स्क्रीनला डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे द्यावे लागतात, आणि रिकामा शो फक्त खर्च करत नाही, दुसऱ्या आठवड्यातली जागाही घालवतो. सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे, आणि मुंबई-ठाण्यातली ज्या भागांतल्या प्रेक्षकाला ही बोली घरची वाटेल अशी मोजकी थिएटरं, मिळून रोजचे 40-45 शो. तेवढ्या शोंनाही पहिल्या आठवड्यात प्रत्येकी सरासरी नव्वद ते शंभर माणसं बसली तरच ते 29 हजार पूर्ण होतात, हे भागीदारांना आधीच सांगा. सरकारी अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन, दर्जा ठरल्यावर मिळतं. मिळालं तर उत्तम, पण अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला ते आणि न झालेला ओटीटीचा सौदा, दोन्ही लिहू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. मी 16 लाख असे ठेवतो: ट्रेलर, पोस्टर आणि चांगले स्थिर फोटो अडीच लाख, डिजिटल प्रसिद्धी चार, पीआरओ आणि गावोगावचे दौरे अडीच, स्क्रीन आणि पोहोचवणीचा खर्च चार, आणि तीन लाख प्रदर्शनानंतरच्या सोमवारसाठी. स्थिर फोटोग्राफर सेटवर असतानाच लागतो, पोस्टरसाठी नंतर चित्रपटातून काढलेली फ्रेम पुरत नाही. बाकी मोठा खर्च प्रदर्शनाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत करा, आणि तोही वितरकाने तारीख पक्की केल्यावर. लहान चित्रपटाची तारीख मोठा चित्रपट आला की सरकते. तारखेसह होर्डिंग लागलेलं असेल तर ते पैसे तिथेच संपले.

शो कुठले मिळाले हे बऱ्याचदा प्रदर्शनाच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कळतं, आणि त्यात सकाळी दहाचा शोही असतो. म्हणून ते तीन लाख हातात हवेत. शनिवार-रविवारचे आकडे आले की कुठल्या शहरात चित्रपट चाललाय ते दिसतं. साताऱ्यात रविवारचा शो भरला आणि ठाण्यात वीस माणसं होती, तर सोमवारपासूनचा सगळा पैसा साताऱ्याच्या आसपास लावा: कऱ्हाड, वाई, फलटण इथे शो मागा, कलाकारांना तिथल्या थिएटरवर न्या, तिथल्याच प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया तिथल्याच लोकांना दाखवा. ठाण्यातले शो गेले तरी जाऊ द्या. आणि शनिवार-रविवारी कुठेच पंधरा-वीसच्या वर माणसं नसतील, तर ते तीन लाख खर्च करू नका. महोत्सवांच्या प्रवेशिका, चांगले इंग्रजी सबटायटल आणि ओटीटीला लागणाऱ्या तांत्रिक प्रती यांना ते पुरतात.